मान्सून्ड मलबार: वाऱ्यावर फुगवलेली कॉफी

जूनच्या सुरुवातीला मंगळुरूच्या गोदामात आलेली कॉफीची बी हिरवट-करडी, टणक आणि कोरडी असते. ओंजळीत घेऊन हलवली तर खडखड वाजते. पावसाळा सरताना तीच बी बाहेर पडते तेव्हा तिचा रंग वाळलेल्या गवतासारखा झालेला असतो, अंग फुगलेलं असतं आणि खडखड जाऊन नुसती खसखस उरलेली असते. मधल्या काळात तिला पाण्याचा एक थेंबही लागलेला नसतो. हे आधीच सांगायला हवं, कारण ‘पावसात भिजवलेली कॉफी’ अशीच तिची ओळख बऱ्याचदा करून दिली जाते. भिजवलेली कॉफी कुजते. इथे ओलावा येतो तो फक्त हवेतून, आणि गोदामातलं सगळं काम म्हणजे ती हवा प्रत्येक दाण्यापर्यंत पोचवणं आणि कुठेही कोंडू न देणं.

या चवीची सुरुवात कोणी मुद्दाम केलेली नाही. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेला माल आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून युरोपात पोचायला काही महिने लागत. जहाजाच्या पोटातल्या दमट हवेत कॉफी वाटेतच पिवळी पडायची, फुगायची, आणि तिकडच्या लोकांना तीच चव ओळखीची झाली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, प्रवास आखूड झाला आणि माल हिरवाच पोचू लागला. स्कँडिनेव्हियातल्या गिऱ्हाइकांना तो रुचेना. मग जहाजात आपोआप घडायचं ते किनाऱ्यावरच्या गोदामात, नैऋत्य मोसमी वाऱ्यावर घडवायला सुरुवात झाली. आज ‘मान्सून्ड मलबार’ अरेबिका आणि रोबस्टा या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे.

बी मात्र किनाऱ्यावरची नव्हे. ती घाटावरून येते, मुख्यतः चिक्कमगळूरु, कोडगू आणि हासन भागातून. सगळी कॉफी या कामाची नसते. घेतात ती चेरी, म्हणजे फळ न सोलता सालीसकट उन्हात वाळवलेली आणि नंतर टरफल काढलेली. धुतलेली कॉफी, जिला आपल्याकडे प्लँटेशन म्हणतात, तिची सगळी किंमत तिच्या स्वच्छ, फळासारख्या आंबटपणात असते. तोच घालवायचा असेल तर तिच्यावर धुण्याचा खर्च कशाला करायचा? चेरीत आंबटपणा मुळातच कमी आणि दाटपणा जास्त असतो. मान्सूनिंगमुळे तिचा कल आहे त्याच दिशेला आणखी झुकतो.

तोडणी हिवाळ्यात होते, म्हणजे पावसाळ्यापर्यंत माल काही महिने राखायचा असतो. तो पुरता वाळलेला हवा, ओलावा दहा-अकरा टक्के. मार्च-एप्रिलमध्येच दमटलेला माल जूनमध्ये गोदामात घेतला तर तो आधीच कुबट झालेला असतो आणि पुढे कितीही वारा दाखवला तरी तो वास जात नाही. म्हणून पहिली परीक्षा नाकाची. पोत्यात परखी खुपसून नमुना काढायचा, बंद बरणीत थोडा वेळ ठेवायचा आणि झाकण उघडताक्षणी वास घ्यायचा. मातकट किंवा आंबूस वास आला तर ते पोतं बाजूला.

दुसरी गाळणी चाळणीची. मोठे दाणे घेतात, ए आणि एए प्रतीचे. एए म्हणजे १८ नंबरच्या चाळणीवर राहणारे, आणि त्या चाळणीचं भोक १८/६४ इंच, म्हणजे सव्वासात मिलिमीटरला जरासं कमी. मोठा दाणा हवा तो दिसायला देखणा म्हणून नव्हे. सगळे दाणे एका मापाचे असले तर ते एका वेगाने ओलावा घेतात. फुटका दाणा आधी ओला होतो आणि आधी बुरसटतो. कच्चा दाणा फुगतच नाही. काळा दाणा तर आधीच मेलेला असतो. हे तीन प्रकार सुरुवातीला न निवडता पुढे गेलं तर शेवटी निवडणीचं काम अवघड होऊन बसतं, कारण तोवर सगळ्यांचा रंग सारखाच फिका झालेला असतो.

गोदाम पाहिलं तर उंच छपराचं आणि बाजूंनी उघडं. जमीन विटांची किंवा काँक्रीटची, समुद्राकडून येणारा वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल अशी रचना. वादळी सरी आत येऊ नयेत म्हणून बाजूंना पडदे लागतात, पण ते सर ओसरली की वर घ्यायचे. पडदे दोन दिवस खालीच राहिले तर आत हवा दमट तर असते, पण हलत नाही, आणि बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. छप्पर पावसाआधी शाकारून, पत्रे तपासून घेणं हे या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. एका खिळ्याच्या भोकातून रात्रभर ठिबकलेलं पाणी सकाळी ढिगात हातभर रुंद काळसर डाग पाडून बसलेलं असतं. तेवढेच दाणे उचलून भागत नाही, भोवतालचा ओलसर पट्टाही काढावा लागतो.

पाऊस नीट लागून हवेची सापेक्ष आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर स्थिरावली की बी जमिनीवर पसरतात. थर चार ते सहा इंचांचा. पहिले चार-पाच दिवस, कधी आठवडाभर, ती तशीच पसरलेली असते आणि लाकडी दाताळ्याने दिवसातून अनेकदा उलथीपालथी करावी लागते. दाताळं जमिनीपर्यंत पोचायला हवं. वरवर ओढलं तर वरचे दाणे मऊ होतात, खालचे कोरडे राहतात आणि जमिनीला टेकलेले घाम धरतात. थर पातळ ठेवला तर काम सोपं होतं, पण तितकी जागा कोणाकडे नसते. जागेच्या हव्यासाने थर आठ-दहा इंचांवर नेला की माणसं वाढवूनही तो सारखा फिरवता येत नाही.

या पहिल्या टप्प्यात ओलावा अकरावरून पंधरा टक्क्यांच्या आसपास चढतो. मीटर असतोच, पण मीटर आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. ओलावा झपाट्याने चढत असताना दाण्याचा वरचा भाग दमट आणि गाभा कोरडा असतो. मीटर त्यातला वरचाच भाग जास्त मोजतो. नमुना बंद डब्यात रात्रभर ठेवून सकाळी मोजला तर आकडा खरा निघतो. वाद झालाच तर भट्टीत १०५ अंशांवर सोळा तास वाळवून वजनातली घट पाहायची. हातची खूण म्हणजे दाताखाली घेतलेला दाणा कटकन फुटायच्या ऐवजी किंचित दबतो आणि मग तुटतो. नखाची खूण उमटायला लागली तर मात्र वेळ निघून चाललेली आहे.

एक लॉट उदाहरणादाखल घेऊ, म्हणजे आकडे डोळ्यांपुढे राहतील. अकरा टक्के ओलाव्याचा एक हजार किलो माल. त्यात ११० किलो पाणी आणि ८९० किलो सुका भाग. सुका भाग तोच राहिला असं धरलं तर पंधरा टक्क्यांवर त्याच मालाचं वजन ८९० भागिले ०.८५, म्हणजे सुमारे १,०४७ किलो होतं. सत्तेचाळीस किलो पाणी नुसत्या वाऱ्यातून आलं. मधे चार दिवस उघडीप पडली आणि ओलावा चौदावर उतरला की वजन १,०३५ वर येतं, झड लागली की पुन्हा चढतं. शेवटी साडेतेरा टक्क्यांवर माल उचलला तर १,०२९ किलो. म्हणजे तीन टक्के वजन वाढलं आणि फायदा झाला असं वाटेल, पण तसं नसतं. बी या काळात श्वास घेत असते, स्वतःतली साखर जाळत असते, त्यामुळे सुका भागही थोडा घटतो. मग निवडणीत न फुगलेले आणि डागी दाणे निघतात. हाती उरणारा माल घेतलेल्या मालापेक्षा कमीच भरतो, आणि मान्सून्ड कॉफी महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

हे चढणं-उतरणं दोष नाही, ते हवंच असतं. दाणा फुगतो, किंचित आवळतो, पुन्हा फुगतो, आणि दर वेळी पेशींच्या भिंती थोड्या सैलावतात. म्हणून शेवटी ओलावा उतरवला तरी तो मूळच्या मापावर परत जात नाही. बंद खोलीत यंत्राने एकसारखी दमट हवा सोडली तर असं होईल का, याबद्दल लोक वाद घालतात. किनाऱ्यावर मात्र वाऱ्याचा लहरीपणा फुकट मिळतो.

पुढचा टप्पा पोत्यांचा. बी गोणपाटात सैल भरतात, साधारण अर्ध्या पोत्यापर्यंत, तोंड बांधून पोतं आडवं टाकल्यावर पसरट राहील इतकी. दाण्यांना फुगायला आणि वाऱ्याला आत शिरायला जागा हवी. थप्प्या लाकडी पाटांवर, भिंतीपासून सुट्या, दोन रांगांमध्ये वाट सोडून, रांगांची दिशा वाऱ्याच्या दिशेला समांतर. आठवड्यातून एकदा तरी सगळी पोती रिकामी करून, माल एकत्र मिसळून, पुन्हा भरायचा. खालचं पोतं वर, आतलं बाहेर. हे काम रटाळ आहे आणि पावसात मजूर मिळत नाहीत, म्हणून एक फेरी चुकवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. चुकवलेली फेरी पोत्याच्या पोटात हात घातला की कळते, कारण आत ऊब लागते. बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागणारं पोतं म्हणजे आत बी आणि बुरशी दोघांचाही श्वास कोंडलाय. ते त्याच क्षणी फोडून जमिनीवर पातळ पसरायचं, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही.

बुरशीचा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. काही अॅस्परजिलस आणि पेनिसिलियम बुरशी ऑक्रॅटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, ते मूत्रपिंडाला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. युरोपीय संघात भाजलेल्या कॉफीसाठी त्याची मर्यादा २०२३ पासून किलोमागे ३ मायक्रोग्रॅम आहे. ओलावा सोळा टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच मुक्कामाला राहिला की धोका सुरू होतो. चौदा-पंधराच्या दरम्यान, हवा खेळती ठेवून काम केलं तर दाणा फुगतो आणि बुरशी मात्र मागे राहते. सगळी कसरत या दोन-तीन टक्क्यांच्या पट्ट्यात चालते.

दुसरा शत्रू कॉफीचा भुंगा. तीन ते पाच मिलिमीटरचा, तपकिरी, ठिपकेदार. अळी दाण्याच्या आत वाढते, आणि मऊ पडलेली मान्सून्ड बी तिला फारच आवडते. दाण्यावर सुईने पाडल्यासारखं गोल भोक आणि पोत्याखाली बारीक भुकटी दिसली की समजायचं. म्हणून माल तयार झाल्यावर धुरी द्यावी लागते, आणि ते काम परवानाधारक माणसाचंच आहे.

किती दिवस लागतात, याला एक उत्तर नाही. पाऊस सलग आणि वारा जोराचा असेल तर सहा-सात आठवड्यांत माल तयार होतो. मोसम रडतखडत चालला तर तीन महिने, कधी त्याहून जास्त. कॅलेंडर पाहून उचललेला माल फसतो. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून पाहायचे. हिरवी छटा कुठेही नको, फटीतसुद्धा नको. एकसारखा फिका सोनेरी रंग हवा, पांढुरका खडूसारखा नको, तो जास्त झालेल्या मालाचा. मग ओलावा तेरा ते साडेचौदा टक्क्यांवर आणून, पुन्हा चाळून, हाताने निवडून माल बांधतात. सगळ्यात मोठे दाणे एए, त्याखालच्या प्रतीला बसनली म्हणतात, आणि फुटका-बारीक माल ट्राएज.

रंग का जातो, आंबटपणा का जातो? कच्च्या कॉफीत क्लोरोजेनिक आम्लांचा मोठा वाटा असतो. दमट हवेत बी अर्धवट जागी होते, रुजण्याच्या तयारीत आतली विकरं काम करू लागतात, हवेतला प्राणवायू आपलं काम करतो, आणि ही आम्लं काही अंशी मोडतात. हिरवा रंग विटतो तो याच गडबडीत. फळासारखा तजेला देणारी चव उतरते. त्या मोडतोडीतून काही नवंही निघतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मान्सून्ड अरेबिकाच्या कच्च्या बीच्या मसालेदार वासामागे आयसोयुजेनॉल आणि ४-व्हिनाइलग्वायकॉल ही द्रव्यं दाखवली. पहिलं लवंगेच्या वासाच्या गोतावळ्यातलं, आणि दुसरं फेरुलिक आम्ल मोडून तयार होणारं. म्हणजे कपात लागणारी लवंग-जायफळाची छटा गोदामाशेजारच्या मसाल्याच्या पोत्यांमुळे येते, ही दंतकथाच.

दाटपणा वाढतो की वाढल्यासारखा वाटतो? आमच्या मते दोन्ही. चेरी कॉफीला मूळचाच दाटपणा असतो. आंबटपणाची धार बोथट झाली की जिभेला तो स्पष्ट लागतो. शिवाय सैलावलेला, सच्छिद्र दाणा दळला की पाण्यात लवकर उतरतो.

याच सच्छिद्रपणामुळे भाजताना मात्र त्रास होतो. हिरव्या प्लँटेशनला लावतो तेवढी सुरुवातीची आंच लावली तर टोकं करपतात आणि गाभा कच्चा राहतो. ड्रम दहा-पंधरा अंश थंड असतानाच माल टाकावा, पहिली काही मिनिटं ओलावा शांतपणे निघू द्यावा. रंगावर जाऊ नये. बी आधीच पिवळी असल्याने पिवळं पडण्याची नेहमीची खूण इथे फसवते, नाक आणि थर्मामीटर यांवर चालावं. पहिली तडतड दबकी येते, पंख्याच्या आवाजात हरवूनही जाते. चंदेरी पापुद्रा भरपूर सुटतो, तो साठवणारा डबा प्रत्येक घाण्यानंतर रिकामा केला नाही तर पेट घेऊ शकतो. मध्यम ते मध्यम-गडद, दुसरी तडतड सुरू होण्याच्या आत थांबलेलं भाजणं सगळ्यात चांगलं. फार हलकं भाजलं तर पुठ्ठ्यासारखी चव, फार गडद नेलं तर नुसता कोळसा. भाजून लगेच एस्प्रेसो काढू नये, आठवडाभर बसू द्यावी. आणि चमच्याने मोजू नये. हलकी असल्याने तोच चमचा कमी वजन देतो, आणि मग लोक कॉफीला पाणचट म्हणतात.

आवडते कोणाला? नॉर्वे आणि आसपासच्या देशांतली जुनी गिऱ्हाइकं सोडली तर आज तिचा मोठा वापर एस्प्रेसोच्या मिश्रणात होतो. दहा ते तीस टक्के मान्सून्ड घातली की वरचा फेस जाड होतो आणि बाकीच्या बियांचा आंबटपणा दबतो. दूध घालून पिणाऱ्यांना ती मानवते, कारण दुधात फळाची चव हरवते पण चॉकलेट-मसाल्याची टिकते. मोका पॉट, फ्रेंच प्रेस आणि दाक्षिणात्य फिल्टर, तिन्हींत ती उजवी ठरते. चिकोरीवाल्या फिल्टर कॉफीवर वाढलेल्या माणसाला तर ती पहिल्या घोटातच घरची वाटते. उलट हलक्या भाजणीची, कागदी फिल्टरमधून गाळलेली, लिंबू-जांभळाच्या चवीची कॉफी शोधणारे तिला नाक मुरडतात. त्यांचंही चुकत नाही. दुसऱ्या कोणत्या कॉफीत हीच मातकट, लाकडी चव लागली असती तर चव पारखणाऱ्याने तिला जुना माल म्हणून गुण कापले असते. फरक एवढाच की चांगल्या मान्सून्डमध्ये ती चव स्वच्छ, गोडसर आणि कोरडी असते. ओल्या गोणपाटाचा किंवा बंद कपाटाचा वास आला तर तो या कॉफीचा स्वभाव नव्हे, बिघडलेला माल आहे, आणि परत करावा.

रत्नागिरी, मालवण, पणजी इकडे जुलैची हवा मंगळुरूसारखीच असते, त्यामुळे घरी करून पाहावं असं कोणाला वाटलं तर आश्चर्य नाही. अर्धा किलो चेरी बी जाळीच्या पिशवीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर, पाण्याचा शिंतोडा न येईल अशा पडवीत टांगावी आणि रोज तोलावी. मीटरची गरज नाही. अकरा टक्के ओलाव्याच्या ५०० ग्रॅममध्ये ४४५ ग्रॅम सुका भाग असतो. तराजू ५२३ दाखवेल तेव्हा ओलावा पंधरा टक्के झाला, ५३० च्या जवळ गेला तर सोळा. तिथे पोचली की पिशवी घरात आणून जोराच्या पंख्याखाली ५१७ च्या आसपास उतरवायची आणि मग पुन्हा बाहेर. दाण्यावर पांढरी किंवा हिरवी लव दिसली तर निवडत बसू नये, सगळी पिशवी टाकून द्यावी.